दोन राउटर, एक पत्ता

संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’ नावाचा एक रकाना असतो. तो आपोआप भरला जातो, म्हणून आपण सहसा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्यात बहुधा एकच पत्ता असतो, उदाहरणार्थ 10.20.30.1. त्याचा अर्थ एवढाच, की आपल्या विभागाबाहेर काही पाठवायचं असलं तर ते या पत्त्यावरच्या राउटरच्या हवाली करायचं, पुढचं तो बघून घेईल. मोठ्या नेटवर्कमधले राउटर एकमेकांशी सतत बोलत असतात, एखादी वाट बंद पडली तर दुसरी शोधतात. पण साधा संगणक, प्रिंटर किंवा सीसीटीव्ही कॅमेरा त्या बोलण्यात नसतो. त्याला एकच पत्ता ठाऊक असतो आणि तो पत्ता गप्प झाला की त्याचं जग तिथेच संपतं.

यातून एक विचित्र परिस्थिती उभी राहते. समजा, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने शहाणपणा करून दोन राउटर घेतले. पहिला मुख्य इमारतीत, दुसरा ग्रंथालयात. दोघांना वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या. एके दिवशी पहिल्याचा पॉवर सप्लाय जळतो. दुसरा राउटर ठणठणीत आहे, त्याच्या जोडणीवर इंटरनेटही आहे. तरीही प्रयोगशाळेतला प्रत्येक संगणक मेलेल्या राउटरचाच पत्ता घोकत बसतो. कुणीतरी जाऊन सगळीकडचा गेटवे बदलेपर्यंत दुसऱ्या राउटरचा उपयोग शून्य.

संगणकाला दुसरा पत्ता शिकवावा, हा सरळ उपाय वाटतो. तसे प्रयत्न झालेही, पण नेटवर्कवरच्या शेकडो तऱ्हेच्या उपकरणांना हुशार करणं कुणाच्याच हातात नसतं. म्हणून उलटा विचार झाला. संगणकाला अजिबात काही कळू द्यायचं नाही. पत्ताच असा ठेवायचा की तो कुठल्याही एका राउटरच्या मालकीचा नाही. सिस्को कंपनीने यासाठी एचएसआरपी नावाची स्वतःची पद्धत आणली, तिचं वर्णन मार्च १९९८ मध्ये जाहीर झालं. पुढच्याच महिन्यात सर्व कंपन्यांसाठी खुलं मानक आलं, ते व्हीआरआरपी. ते नंतर २००४, २०१० आणि २०२४ मध्ये सुधारलं गेलं, पण गाभा तोच राहिला.

गाभा समजायला रेल्वे स्टेशनवरचं स्टेशन मास्तर हे पद डोळ्यांसमोर आणावं. प्रवाशाला ड्युटीवर देशमुख आहेत की कुलकर्णी, याच्याशी कर्तव्य नसतं; तो ‘स्टेशन मास्तर’ पाटी असलेल्या खोलीत जातो. व्हीआरआरपीमध्ये 10.20.30.1 हा पत्ता म्हणजे असं पद. आपल्या महाविद्यालयातल्या पहिल्या राउटरचा स्वतःचा पत्ता 10.20.30.2, दुसऱ्याचा 10.20.30.3, आणि .1 हा त्या वेळी जो कामावर असेल त्याचा.

मात्र पत्ता वाटून घेतला एवढ्याने भागत नाही. खरी युक्ती एक पायरी खाली आहे. स्थानिक नेटवर्कवर माहितीचं पाकीट पोचतं ते आयपी पत्त्यावर नव्हे, तर मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या बारा अक्षरी ओळखक्रमांकावर. संगणक आधी सगळ्यांना ओरडून विचारतो, ‘10.20.30.1 कोण? तुझा मॅक सांग.’ उत्तर आलं की ते काही काळ लक्षात ठेवतो. दोन राउटरांनी नुसता आयपी वाटून घेतला आणि मॅक आपापले ठेवले, तर पहिला मेल्यावरही संगणक त्याचाच मॅक उराशी धरून बसेल. म्हणून मानकाने मॅकसुद्धा सामाईक केला. तो नेहमी 00-00-5e-00-01 ने सुरू होतो आणि शेवटची दोन अक्षरं म्हणजे त्या गटाचा क्रमांक. आपल्या गटाला क्रमांक ३० दिला, तर सोळाच्या पायातल्या अंकगणितात तो 1e होतो, आणि पूर्ण मॅक 00-00-5e-00-01-1e.

हे आपल्या कार्यालयात बसल्या बसल्या पडताळता येतं. विंडोजच्या कमांड खिडकीत `arp -a` टाइप करा आणि गेटवेच्या पत्त्यासमोरचा मॅक बघा. सुरुवात 00-00-5e-00-01 असेल, तर तुमच्या पाठीशी बहुधा एकाहून जास्त राउटर उभे आहेत. 00-00-0c-07-ac दिसलं, तर ती सिस्कोची जुनी पद्धत. यातलं काही दिसलं नाही म्हणून व्यवस्था नाहीच असं मात्र नव्हे. लिनक्सवर चालणारा keepalived हा प्रोग्रॅम मुद्दाम सांगितल्याशिवाय सामाईक मॅक वापरत नाही. ताबा बदलला की तो आपला मॅक सगळ्यांना जाहीर करतो आणि ऐकणाऱ्यांनी आपली नोंद बदलावी अशी अपेक्षा ठेवतो.

आता कामावर कोण, हे ठरतं कसं? प्रत्येक राउटरला १ ते २५४ मधला एक प्राधान्यक्रम देतात; काहीच दिलं नाही तर तो १०० धरला जातो. आपण पहिल्याला ११० देऊ, दुसऱ्याला १००. keepalived वापरला तर पहिल्या राउटरवरचा मजकूर साधारण एवढाच असतो:

```
vrrp_instance LAB {
    interface eth1
    use_vmac
    virtual_router_id 30
    priority 110
    advert_int 1
    virtual_ipaddress {
        10.20.30.1/24
    }
}
```

ज्याचा आकडा मोठा तो कामावर. कामावरचा राउटर दर सेकंदाला एक छोटं पाकीट सोडतो: ‘गट ३०, प्राधान्य ११०, मी आहे.’ दुसरा काही बोलत नाही, फक्त ऐकतो. तीन पाकिटं चुकली आणि वर थोडा वेळ गेला, की तो पहिला गेला असं समजून ताबा घेतो. हा ‘थोडा वेळ’ मोठा मजेदार आहे. २५६ मधून स्वतःचं प्राधान्य वजा करायचं आणि २५६ ने भागायचं. आपल्या दुसऱ्या राउटरसाठी १५६ भागिले २५६, म्हणजे ०.६१ सेकंद. तिसरा राउटर ५० प्राधान्याचा असता, तर त्याला ०.८ सेकंद थांबावं लागलं असतं. म्हणजे ज्याचा हक्क मोठा तो आधी बोलतो, आणि दोघे एकदम उठून गोंधळ घालत नाहीत. कुठेही मतदान नाही, वाटाघाट नाही, नुसती वजाबाकी. नेटवर्कच्या दुनियेत इतकं काटकसरी डिझाइन क्वचित भेटतं.

तर पहिल्या राउटरची वीज गेली, की शेवटच्या पाकिटापासून ३.६१ सेकंदांनी दुसरा उठतो. वीज दोन पाकिटांच्या मध्ये कधीही जाऊ शकते, म्हणून प्रत्यक्ष खंड २.६ ते ३.६ सेकंदांचा. उठल्याबरोबर तो सामाईक मॅकच्या नावाने एक घोषणा करतो. ती संगणकांपेक्षा स्विचसाठी जास्त महत्त्वाची असते. संगणकांच्या लेखी काही बदललेलंच नाही, तोच आयपी आणि तोच मॅक. पण स्विचला कळतं की हा मॅक आता मुख्य इमारतीच्या नव्हे, ग्रंथालयाच्या तारेवर आहे. पहिल्याला कुणी दुरुस्तीसाठी रीतसर बंद केलं, तर खंड आणखी लहान. जाता जाता तो प्राधान्य शून्य असलेलं पाकीट सोडतो, त्याचा अर्थ ‘मी निघालो’, आणि दुसरा फक्त ०.६१ सेकंद थांबून काम हाती घेतो.

इथवर सगळं गोड आहे. विक्रेत्याचं सादरीकरणही साधारण इथेच संपतं. पण या पद्धतीला नेमकं काय कळतं, ते नीट पाहायला हवं. तिला फक्त एक गोष्ट कळते: या तारेवर माझ्या जोडीदाराचा आवाज येतोय की नाही. त्याच्यामागे इंटरनेट आहे का, हे ती विचारतच नाही. आणि राउटर मरण्यापेक्षा त्यामागची फायबर तुटणं कितीतरी जास्त वेळा घडतं; रस्त्याच्या कडेला खणणारी जेसीबी काही राउटरला हात लावत नाही.

समजा तसं झालं. मुख्य इमारतीतली इंटरनेट जोडणी तुटली, पण राउटरला वीज आहे आणि आतल्या बाजूची तार शाबूत आहे. तो दर सेकंदाला इमानेइतबारे ‘मी आहे’ म्हणत राहतो. दुसरा ऐकतो आणि गप्प बसतो. सगळ्या कॉलेजची पाकिटं पहिल्याकडे येतात आणि तिथेच मरतात. तेव्हा तक्रार येते ती अशी: ‘दोन राउटर घेतले, लाखो रुपये घातले, आणि नेट तरीही बंद.’

यावर उपाय म्हणजे राउटरला पलीकडे नजर ठेवायला सांगणं आणि पलीकडे अंधार दिसला तर स्वतःचं प्राधान्य कमी करायला लावणं. इथे अंकगणित चुकवणारे बरेच भेटतात. जोडणी गेल्यावर ११० मधून ५ वजा करायला सांगितले, तर उरतात १०५. ते अजूनही १०० पेक्षा मोठे, म्हणून ताबा बदलत नाही. वजाबाकी दोघांतल्या फरकापेक्षा मोठी हवी. २० वजा केले की पहिला ९० वर येतो, दुसरा ती पाकिटं स्वतःपेक्षा कमी दर्जाची म्हणून मोजणंच सोडतो, त्याची ३.६१ सेकंदांची मुदत संपते आणि तो पुढे येतो. पहिल्याला १०० ऐकू आले की तो मागे सरतो.

नजर कशावर ठेवायची, हाही प्रश्नच आहे. नुसत्या तारेच्या दिव्यावर विसंबू नये. फायबर आणि राउटर यांच्यामध्ये बऱ्याचदा एक छोटी डबी असते, प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारी. फायबर तीन किलोमीटरवर तुटली तरी राउटर आणि डबी यांच्यामधली हातभर तार ठीकच असते, आणि राउटरवरचा हिरवा दिवा खुशाल लुकलुकत राहतो. म्हणून दूरच्या एखाद्या पत्त्याला दर काही सेकंदांनी पिंग करून उत्तर येतं का, ते बघणं चांगलं. एकाच पत्त्यावर भिस्त ठेवली तर तो पत्ता त्याच्या कारणाने बंद पडला की आपला राउटर विनाकारण राजीनामा देतो. दोन-तीन पत्ते घ्यावेत आणि सगळेच गप्प झाले तरच वजाबाकी करावी.

आणखी एक गोष्ट दुरुस्तीनंतर घडते. पॉवर सप्लाय बदलून पहिला राउटर पुन्हा चालू होतो. त्याचं प्राधान्य ११०, आणि व्हीआरआरपीमध्ये मोठ्या प्राधान्याचा परत आला तर त्याने ताबा हिसकावून घ्यावा, हीच मूळ सोय असते. सिस्कोच्या एचएसआरपीत नेमकं उलट. तिथे हे मुद्दाम सांगावं लागतं. राउटरची आतल्या बाजूची तार काही सेकंदांत जिवंत होते, पण बाहेरच्या वाटा शिकायला त्याला जास्त वेळ लागू शकतो. त्या मधल्या काळात त्याने खुर्ची घेतली, तर चालू असलेलं काम बंद पाडून तो स्वतः अंधारात बसलेला असतो. बिघाडात चार सेकंदांचा खंड आणि दुरुस्तीनंतर एक मिनिटाचा, अशी उफराटी तऱ्हा होते. म्हणून परत येणाऱ्याला काही काळ थांबायला सांगतात, किंवा हिसकावणंच बंद करतात. दोन्ही राउटर सारख्या ताकदीचे असतील तर मला दुसरा मार्ग बरा वाटतो. चालतंय त्याला रात्रीपर्यंत हात लावू नये. पण एक अट आहे. हिसकावणं बंद केलं, की वर सांगितलेली प्राधान्य कमी करण्याची युक्तीही लंगडी पडते, कारण दुसरा राउटर कमी प्राधान्याच्या जोडीदारालाही मान देत राहतो. मग पलीकडची जोडणी गेली तर पहिल्याने गटातून पूर्ण बाहेर पडावं, अशी मांडणी करावी लागते.

सगळ्यात त्रासदायक बिघाड मात्र वेगळाच, आणि तो बिघाड आहे हेच आधी ध्यानात येत नाही. दुसऱ्या राउटरवर कुणीतरी फायरवॉलचे नवे नियम घातले. वेब चालू, मेल चालू, बाकी सगळं बंद. व्हीआरआरपीची पाकिटं ना वेब ना मेल. ती आयपीमध्ये ११२ क्रमांकाच्या स्वतंत्र प्रोटोकॉलने, 224.0.0.18 या सामूहिक पत्त्यावर जातात. नव्या नियमांत ती अडली. दुसऱ्याला पहिल्याचा आवाज येईनासा झाला, ३.६१ सेकंदांनी त्याने ताबा घेतला. पहिल्याला दुसऱ्याचे १०० ऐकू येतात, पण स्वतःचे ११० मोठे म्हणून तो जागचा हलत नाही. आता दोघेही कामावर.

दोघे एकाच मॅकच्या नावाने पाकिटं सोडतात. स्विच बिचारा शेवटचं पाकीट ज्या तारेवरून आलं तिकडे तो मॅक आहे असं समजतो. त्यामुळे सेकंदाला दोनदा त्याचं मत बदलतं. विद्यार्थ्याच्या एकाच वेबपेजची काही पाकिटं एका राउटरमार्गे आणि काही दुसऱ्यामार्गे जातात. दोघांच्या इंटरनेट जोडण्या वेगळ्या, म्हणून पलीकडच्या सर्व्हरला एकाच माणसाची पाकिटं दोन वेगळ्या पत्त्यांवरून येताना दिसतात, आणि तो अनोळखी पाकिटं फेकून देतो. इकडे दिसतं ते असं: पिंग चालतो, छोटी पानं उघडतात, मोठी अर्धवट लटकतात, लॉगिन होतं आणि लगेच सुटतं. संपूर्ण बंद असेल तर कारण शोधायला सोपं जातं. हे ‘कधी चालतं, कधी नाही’ प्रकरण दिवस खातं.

ओळखण्याची खूण मात्र साधी आहे. स्विचच्या नोंदींमध्ये 00-00-5e-00-01-1e हा मॅक दोन पोर्टांमध्ये उड्या मारतोय, अशा तक्रारींची रांग दिसते. किंवा त्याच विभागातल्या एखाद्या लिनक्स संगणकावर हे चालवावं (कार्डाचं नाव तिथलं घालावं):

```
tcpdump -ni eth0 ip proto 112
```

निरोगी व्यवस्थेत दर सेकंदाला एकच पाकीट दिसतं, आणि पाठवणारा एकच: 10.20.30.2. तिथे .2 आणि .3 दोघेही बोलताना दिसले, की दुखणं सापडलं. एक जुना वाद इथे आठवतो. सिस्कोच्या पेटंटवरून बिनसल्यावर ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या मंडळींनी २००४ मध्ये कार्प नावाची स्वतःची पद्धत काढली, आणि अधिकृत क्रमांक न मिळाल्याने तोच ११२ वापरला. त्यामुळे एकाच विभागात कार्प आणि व्हीआरआरपी दोन्ही असतील, तर गटांचे क्रमांक वेगळे ठेवायला हवेत, नाहीतर मॅकही तोच निघतो.

आता परीक्षेच्या दिवसाचं गणित मांडू. प्रयोगशाळेत ऑनलाइन परीक्षा चालू आहे आणि पहिल्या राउटरची वीज गेली. तीन-साडेतीन सेकंदांत दुसऱ्याने काम घेतलं. विद्यार्थ्याला एवढंच जाणवेल का? नाही. दुसऱ्या राउटरची इंटरनेट जोडणी दुसऱ्या कंपनीची, म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा कॉलेजचा पत्ताच बदलला. आधी उघडलेल्या सगळ्या जोडण्या तुटतात. ब्राउझर बहुतेकदा स्वतःहून नवी जोडणी करतो, व्हिडिओ कॉल थोडा अडखळून परत येतो, पण परीक्षेचं सॉफ्टवेअर पत्ता बदलल्यावर पुन्हा लॉगिन मागू शकतं. यावर व्हीआरआरपीकडे इलाज नाही. एकच इंटरनेट जोडणी दोन्ही राउटरांना मिळत असेल, तर बाहेरच्या बाजूलाही सामाईक पत्ता ठेवून चालू जोडण्यांची यादी एकाकडून दुसऱ्याकडे सतत पाठवता येते. दोन कंपन्यांच्या बाबतीत स्वतःच्या मालकीचे पत्ते आणि मोठ्या नेटवर्कांसारखी मांडणी लागते, जी साध्या कॉलेजच्या आवाक्यातली नसते. तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांना आधीच विचारून ठेवावं, की मध्येच पत्ता बदलला तर विद्यार्थ्याचं उत्तरपत्र टिकतं का.

वसतिगृह असेल तर आणखी एक काळजी. व्हीआरआरपीच्या पाकिटाला कुलूप नाही. पहिल्या मानकात पासवर्डची सोय होती, ती २००४ मध्ये काढून टाकली, कारण त्याच तारेवर बसलेला माणूस इतर मार्गांनीही तेवढाच उपद्रव करू शकतो आणि पासवर्डने खोटी सुरक्षितता वाटायची. पाकीट दुसऱ्या नेटवर्कमधून फिरून आलेलं नाही, एवढं तपासलं जातं. पण वसतिगृहातल्या एखाद्या उपद्व्यापी विद्यार्थ्याने लॅपटॉपवरून ‘गट ३०, प्राधान्य २५५’ असं पाकीट सोडायला सुरुवात केली, तर दोन्ही राउटर अदबीने बाजूला होतात आणि सगळ्यांची रहदारी त्या लॅपटॉपकडे वळते. म्हणून विद्यार्थ्यांच्या तारा जिथे लागतात त्या स्विच-पोर्टांवर ११२ क्रमांकाची पाकिटं अडवायला हवीत. त्या पोर्टांवरून ती कधी यायचं कारणच नाही.

ही सगळी व्यवस्था खरंच चालते का, हे कळायचा मार्ग एकच: सुट्टीच्या दिवशी स्वतः तोडून बघणं. एका संगणकावर बाहेरच्या पत्त्याला पिंग चालू ठेवायचा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या करायच्या. पहिल्या राउटरची वीज काढायची; दर सेकंदाच्या पिंगमध्ये तीन-चार उत्तरं चुकावीत, वीस नव्हेत. मग ती परत लावून, सगळं स्थिरावल्यावर, त्याची फक्त बाहेरची फायबर काढायची. आणि शेवटी फक्त आतली तार. उत्तरं तीसच्या घरात चुकली, तर बहुधा दोष राउटरचा नसतो. तार पुन्हा जोडल्यावर त्या पोर्टवरून वळसा तर तयार होत नाही ना, हे तपासायला जुन्या पद्धतीचा स्विच तेवढा वेळ घेतो.

अशा तालमीत दुसऱ्याच काही गोष्टी बाहेर पडतात. राउटर बदलला तरी काही संगणक बंदच राहतात. बघावं तर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर अजून.1 ऐवजी .2 हाच गेटवे सांगतोय. प्रवेशद्वाराजवळचे कॅमेरे दिसेनासे होतात, कारण ते बसवणाऱ्याने तीन वर्षांपूर्वी हाताने .2 टाकला होता. नवे लॅपटॉप वाय-फायला जोडतच नाहीत, कारण डीएचसीपी सर्व्हर पहिल्या राउटरच्याच पोटात होता आणि त्याच्याबरोबर गेला. आणि कधी कधी मुख्य इमारतीची वीज काढल्यावर ग्रंथालयातला राउटरही विझतो, तेव्हा समजतं की ग्रंथालयाच्या त्या कपाटाला वीज मुख्य इमारतीच्याच यूपीएसवरून येते.